खेळातले दुकान आणि शंभर ग्रॅमचा भाव

गेल्या मे महिन्यात इंदुरातल्या रामबागेत आमच्या ओसरीवर मी पोह्यांची चार पाकिटे एका ओळीत मांडली आणि आठ ते अकरा वर्षांच्या सहा मुलांना विचारले, की यांतले सर्वांत स्वस्त कोणते. पहिले ५०० ग्रॅमचे, ३८ रुपयांचे. दुसरे ९०० ग्रॅमचे, ६६ रुपयांचे. तिसरे १ किलोचे, ७२ रुपयांचे आणि चौथे २ किलोचे, १५० रुपयांचे. किमती मी खेळासाठी ठरवल्या होत्या आणि किमतीखाली, हल्ली खऱ्या पाकिटांवर असतो तसा, ग्रॅमचा किंवा किलोचा भावही लिहून चिकटवला होता. दोन मुलांनी ३८ रुपयांच्या पाकिटाकडे बोट दाखवले, कारण त्याला सर्वांत कमी पैसे पडत होते. तिघांनी २ किलोचे उचलले, कारण मोठे पाकीट स्वस्त पडते असे त्यांनी घरी ऐकले होते. एका दहा वर्षांच्या मुलीने मात्र पाकीट डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरातली ओळ वाचली, ९०० ग्रॅमच्या पाकिटावर ‘ग्रॅमला ०.०७ रुपये’ असे लिहिलेले तिला सापडले, आणि तिने ते निवडले. सहाही उत्तरे चुकीची होती. पहिल्या पाच मुलांचे का चुकले हे कोणालाही कळेल. त्या मुलीचे चुकले, कारण तिने पाकीट नीट वाचले आणि त्यावर जे लिहिले होते त्यावर विश्वास ठेवला. तिचे उत्तर कसे चुकले हे समजून घेतल्याशिवाय मुलांना बाजारहाट शिकवण्याचे खेळ अपुरे राहतात, असे माझे मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

हा प्रश्न आजच का आला, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या पिढीला भावांची तुलना फारशी शिकवावी लागली नाही, कारण पाकिटांची मापे ठरलेली असत. चहा, बिस्किटे, खाद्यतेल, मीठ, साबण अशा नेहमीच्या वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्यात असा वैध मापनाच्या नियमांचा आग्रह होता, त्यामुळे एका कंपनीचा १०० ग्रॅमचा पुडा दुसरीच्या १०० ग्रॅमच्या पुड्याशेजारी ठेवला की किमतीकडे पाहूनच निर्णय होई. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि हे बंधन गेले. आता उत्पादक ८५ ग्रॅमचे, ९२ ग्रॅमचे, ४३० ग्रॅमचे पाकीट काढू शकतो. किंमत ५ किंवा १० रुपयांवर स्थिर ठेवून आतले वजन हळूहळू कमी करणेही त्यामुळे सोपे झाले. या मोकळीकीच्या बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे एकक भाव. कमाल किरकोळ किमतीबरोबर ग्रॅमला किंवा किलोला, मिलिलिटरला किंवा लिटरला किती रुपये पडतात हे पाकिटावर छापावे लागते. म्हणजे पूर्वी जे काम माप करत असे, ते आता त्या एका बारीक ओळीने करायचे आहे.

ती ओळ हे काम पूर्णपणे करत नाही, आणि त्याचे मुख्य कारण नियमाच्या शब्दांतच आहे. निव्वळ वजन १ किलोपेक्षा कमी असेल तर भाव ग्रॅमला द्यायचा आणि जास्त असेल तर किलोला, आणि तो रुपयांत दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायचा, असे ठरले आहे. ५०० ग्रॅमच्या पोह्यांचा खरा भाव ग्रॅमला ०.०७६ रुपये येतो, तो ०.०८ छापला जातो. ९०० ग्रॅमचा ०.०७३३ येतो, तो ०.०७ होतो. १ किलोच्या पाकिटावर वेगळा भाव लागतच नाही, कारण किंमत हाच किलोचा भाव. २ किलोच्या पाकिटावर किलोला ७५.०० असे येते. आता त्या मुलीच्या डोळ्यांनी पाहावे. ०.०७ ग्रॅमला म्हणजे ७० रुपये किलो, तेव्हा ९०० ग्रॅमचे पाकीट ७२ रुपये किलोपेक्षा स्वस्त, हा तिचा तर्क निर्दोष होता. प्रत्यक्षात त्या पाकिटाचा किलोचा भाव ७३ रुपये ३३ पैसे आहे आणि सर्वांत स्वस्त पाकीट ७२ रुपयांचेच आहे. छापील भावांनुसार ५०० ग्रॅमचे पाकीट ८० रुपये किलो वाटते, खरे तर ते ७६ ला पडते. वस्तू जितकी स्वस्त, तितकी ही फसगत मोठी. चहाच्या पुड्यावर ग्रॅमला ०.५६ छापले असेल तर खरा भाव किलोला ५५५ ते ५६५ च्या दरम्यान असतो, हा फरक किरकोळ. पण अर्धा किलोच्या मिठावर ०.०३ छापले असेल तर खरा भाव किलोला २५ पासून ३५ पर्यंत कुठेही असू शकतो. मीठ, पोहे, रवा, आटा हे गरिबाच्या घरातही रोज लागणारे जिन्नस, आणि नेमके तिथेच हा आकडा सर्वांत कमी सांगतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक अडचण मुलांना खऱ्या दुकानात गेल्यावर कळते. छापील एकक भाव कमाल किमतीवरून काढलेला असतो. कमाल किंमत ही वरची मर्यादा आहे, तिच्यापेक्षा कमी भावाने विकायला दुकानदार मोकळा असतो, आणि सियागंजाच्या घाऊक बाजारातून महिन्याचा किराणा भरणाऱ्या इंदूरकराला छापील किमतीने पैसे देणे अवघड वाटते. दुकानदाराने दहा रुपये कमी केले, की पाकिटावरचा ग्रॅमचा भाव निरुपयोगी होतो आणि हिशोब पुन्हा ग्राहकावर येतो.

म्हणून खेळात मी मुलांना एकच रीत शिकवते. कोणतेही पाकीट हातात आले की त्याचा शंभर ग्रॅमचा भाव काढायचा. ५०० ग्रॅम म्हणजे पाच शंभर, तेव्हा ३८ ला पाचाने भागायचे, ७ रुपये ६० पैसे. ९०० ग्रॅमचे ६६ ला नवाने भागून ७ रुपये ३३ पैसे. १ किलोचे ७ रुपये २० पैसे आणि २ किलोचे १५० ला विसाने भागून साडेसात रुपये. चार आकडे पाटीवर एकाखाली एक लिहिले की तुलना दिसते, आणि सर्वांत मोठे पाकीट मधल्या पाकिटापेक्षा महाग आहे हेही दिसते. ज्या मुलाला भागाकार जड जातो त्याच्यासाठी उलटी वाट आहे. किलोला ७२ रुपये, तर शंभर ग्रॅमला सव्वासातपेक्षा पाच पैसे कमी. मग नऊशे ग्रॅमला किती व्हायला हवेत? ६४ रुपये ८० पैसे. पाकिटावर ६६ आहेत, म्हणजे सव्वा रुपयाच्या आसपास जास्त. हे साधे त्रैराशिक आहे, आणि ज्या घरांत आजी-आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असणारे होते त्या घरांत ते तोंडी होत असे. ती कोष्टके बाजारासाठीच होती. त्यांची घोकंपट्टी परत आणावी असे मी म्हणत नाही. पण २५० ग्रॅमच्या किमतीची चौपट आणि २०० ग्रॅमच्या किमतीची पाचपट मनात करता येणे हे त्याच कौशल्याचे आजचे रूप आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलाला ते सहज जमते.

इथे एक सूचना. शंभर ग्रॅमचा भाव काढायला शिकलेले मूल लगेच स्वस्तातले स्वस्त घेणे हेच उत्तर मानू लागते, आणि खेळ तिथेच थांबला तर त्याचे नुकसान होते. म्हणून खेळात मी खरेदीची यादी नेहमी एखाद्या घराची देते. रविवारी सकाळी बारा माणसे नाश्त्याला येणार आहेत, साधारण किलोभर पोहे लागतील, वरून शेव आणि जीरावन मसाला हवा. अशा घराने १ किलोचे पाकीट घ्यावे. पण दोनच माणसांचे घर असेल, पोहे महिन्यातून दोनदा होत असतील आणि समोर पावसाळा असेल, तर? पावसाळ्यात उघड्या पोह्यांना जाळी धरते. किलोतले पाव किलो टाकून द्यावे लागले, तर ७२ रुपयांत ७५० ग्रॅमच पोटात गेले, म्हणजे शंभर ग्रॅमला ९ रुपये ६० पैसे. ५०० ग्रॅमचे ‘महाग’ पाकीट ७ रुपये ६० पैशांत पडले असते. हा हिशोब मुलांनी स्वतः केला तेव्हा जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. भाव पाकिटावर नसून खाल्लेल्या घासावर असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते पाटीवर उतरले होते.

मोठे ते स्वस्त हा समज मोडणारे आणखी एक उदाहरण जवळच्या दुकानात लटकलेले असते. शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या कित्येकदा मोठ्या बाटलीपेक्षा मिलिलिटरला स्वस्त पडतात. छोट्या पुड्या घेणाऱ्यांकडे हिशोब नसतो असे मानणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा. आणि जिथे छोटे पाकीट खरोखर महाग पडते तिथेही, रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला किलोचे पैसे एकदम काढता येत नाहीत, ही गोष्ट खेळात बोलली गेलीच पाहिजे. माझ्या गटातल्या एका मुलाची आई रोज पाच रुपयांचा चहाचा पुडा आणते. त्याने ते सांगितले तेव्हा बाकीची मुले हसली नाहीत, कारण आदल्या दिवशी मी एका यादीबरोबर मुद्दाम फक्त वीस रुपये दिले होते आणि त्यांना स्वतःलाच पाच रुपयांचे पुडे घ्यावे लागले होते.

आता तारखांकडे वळते. इथे खरी पाकिटे नसतील तर खेळ व्यर्थ आहे, असे मी ठामपणे म्हणेन. बाजारात मिळणारी खेळण्यांची दुकाने, प्लॅस्टिकच्या भाज्या, पुठ्ठ्याचे डबे यांच्यावर तारीख नसते, आणि असली तरी ती शोधावी लागत नाही. खरी अडचण शोधण्यातच आहे. पाकिटाच्या मागे लिहिलेले असते की ‘पॅकिंगपासून सहा महिन्यांपर्यंत उत्तम’, आणि पॅकिंगची तारीख भलतीकडेच, बहुधा वरच्या किंवा खालच्या चिकटवलेल्या पट्टीवर ठिपक्यांच्या शाईने उमटवलेली असते. मूल दोन ठिकाणची माहिती जोडते आणि मग महिने मोजते. आपण पाकीट फोडताना नेमकी वरची पट्टी कापून टाकतो, आणि तिच्याबरोबर पुष्कळदा तारीखही केरात जाते. खेळासाठी पाकिटे गोळा करायची असतील तर महिनाभर आधी घरात सांगून ठेवावे, की पाकीट कापण्याआधी तारीख कुठे आहे ते बघा आणि दुसऱ्या बाजूने उघडा. एकदा ही सवय लागली की घरातल्या डब्यांचाही प्रश्न सुटू लागतो. डब्यात ओतलेल्या बेसनाची तारीख कोणाला ठाऊक नसते, आणि पट्टीचा तुकडा कापून डब्याला चिकटवला की ती कळते.

तारीख वाचताना मुले कुठे घसरतात हे मी तीन उन्हाळे पाहिले आहे, आणि शिकवणाऱ्याने ते आधी जाणून घ्यावे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पॅकिंगची तारीख हीच संपण्याची तारीख समजणे. असे मूल ताजे पाकीट शिळे म्हणून बाजूला ठेवते. दुसरी चूक वजनाची आहे. पोषणमूल्यांच्या कोष्टकावर ‘प्रति १०० ग्रॅम’ असे मोठ्या अक्षरात असते आणि मूल तेच पाकिटाचे वजन धरते. काही मुले बॅच क्रमांकालाच तारीख म्हणतात. आणि एक चूक फार फसवी असते, कारण ती चूक वाटतच नाही. मूल पाकीट उलटते, तारखेवर बोट ठेवते, ‘बघितली’ म्हणते आणि पाकीट टोपलीत टाकते. त्याला लगेच विचारावे, की आज कोणता महिना आहे, आणि हे पाकीट आणखी किती दिवस चालेल. उत्तर नसेल तर त्याने तारीख पाहिली होती, वाचली नव्हती.

शब्दांतला फरकही शिकवावा लागतो. २०२० च्या खाद्यपदार्थ लेबल नियमांनुसार ‘यूज बाय’ म्हणजेच ‘एक्स्पायरी’ची तारीख सक्तीची आहे, आणि तिच्यानंतर तो पदार्थ विकायचाही नाही आणि खायचाही नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही त्याहून सौम्य सूचना आहे. तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास हमखास टिकतो, नंतर तो कमी होऊ शकतो. दोन्ही तारखा बंद पाकिटाला आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटालाच लागू असतात. मे महिन्याच्या इंदुरी दुपारी तासभर पिशवीत राहिलेल्या दुधाच्या थैलीला छापील तारीख वाचवत नाही, आणि फोडलेल्या लोणच्याच्या बाटलीचा हिशोब फोडल्याच्या दिवसापासून करायचा असतो. खेळात मी म्हणून तिसरे पात्र ठेवते, घरातली आजी, जी टोपली घरी आल्यावर विचारते, की हे कुठे ठेवशील आणि कधी संपवशील.

दुकानदाराची भूमिकाही मी प्रत्येक मुलाला आळीपाळीने देते, आणि ती ग्राहकाच्या भूमिकेइतकीच कसोटीची असते. दुकान उघडण्याआधी दुकानदाराने सगळ्या तारखा बघून मुदत संपलेले पाकीट बाजूला काढायचे. मी असे एक पाकीट नेहमी मुद्दाम मिसळून ठेवते. उरलेला माल लावताना आधी संपणारा पुढे आणि नंतर संपणारा मागे ठेवायचा. मग ग्राहक मुलांना कळते, की मागे हात घातला तर ताजे पाकीट मिळते. गेल्या वर्षी यावरून मुलांत खरा वाद झाला. सगळेच मागचे घेऊ लागले तर पुढचे फुकट जाईल, असे दुकानदार झालेल्या मुलाचे म्हणणे होते. शेवटी त्यांनीच ठरवले, की पाव आज संध्याकाळीच खायचा असेल तर पुढचा घ्यावा, चार दिवसांनी लागणार असेल तर मागचा. मोठी माणसे इतका विचार क्वचितच करतात.

किमतीवरच्या चिकटपट्टीचीही एक चाचणी असते. किंमत कमी करण्यासाठी नवी पट्टी लावता येते, पण मूळ किंमत तिने झाकता कामा नये, आणि किंमत वाढवण्यासाठी पट्टी लावताच येत नाही. खेळातल्या एका पाकिटावर मी ४५ च्या जागी ५० ची पट्टी लावून ठेवते. ती नखाने सोलून बघणारे मूल निघाले की त्या दिवशीचा खेळ यशस्वी झाला असे मी समजते.

वजनासाठी मात्र तराजू हवाच. घरातला साधा काटा चालतो. इंदुरात नमकीन आणि मिठाई सुटी घेण्याची रीत आहे, तिथे लेबलच नसते, आणि मग काट्याकडे बघण्यावाचून उपाय नाही. मुलांना मी आधी रिकामा मिठाईचा खोका तोलायला लावते. तो ६० ग्रॅमचा निघाला आणि मिठाई ६०० रुपये किलो असेल, तर खोक्यासकट तोलल्यास ३६ रुपये पुठ्ठ्याचे झाले. निव्वळ वजन म्हणजे वेष्टन वगळून उरलेले वजन, ही व्याख्या त्यांना पुन्हा सांगावी लागत नाही. काटा शून्यावर आहे का, खोका ठेवून पुन्हा शून्य केला का, हे दोन प्रश्न नम्रपणे कसे विचारायचे याचीही आम्ही तालीम करतो, कारण ‘काका, डबा आधी ठेवून शून्य कराल का?’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडून निघणे सोपे नसते.

आता या सगळ्याचा शाळांशी काय संबंध, ते सांगते. आमच्याकडे बहुतेक शाळांत वर्षातून एकदा आनंद मेळा भरतो आणि त्यालाच व्यवहारज्ञान म्हटले जाते. मुले घरून भेळ, सरबत, शंकरपाळे आणून विकतात, ग्राहक पालक आणि शिक्षक असतात, ते कौतुकाने मागतील ते पैसे देतात. मुलांना गंमत वाटते, आणि ती वाटावी. पण तिथे मूल विक्रेता असते, ग्राहक कधीच नसते. मालावर लेबल नसते, तारीख नसते, वजन नसते, दोन दुकानांत एकच वस्तू वेगवेगळ्या मापांत नसते. गणित सुट्ट्या पैशांच्या वजाबाकीपुरते उरते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची जी कल्पना आहे, त्यांतले दोन दिवस अशा मेळ्याऐवजी, किंवा मेळ्याबरोबर, खऱ्या पाकिटांच्या दुकानाला द्यावेत असे मला वाटते. तिसरी-चौथीत तर दप्तर असतानाही महिन्यातला एक तास पुरतो, कारण ग्रॅम-किलो आणि रुपये-पैसे त्यांच्या पुस्तकात आहेतच, फक्त ते एकमेकांना भेटत नाहीत.

मुलांना खऱ्याच दुकानात का नेऊ नये, असे एक पालक मला म्हणाले. नेलेच पाहिजे, पण नंतर. आपल्या वस्तीतले किराणा दुकान अजून गल्ल्यापलीकडचे आहे. दुकानदार यादी ऐकतो, माल काढून समोर ठेवतो, मागे चार माणसे उभी असतात. तिथे मुलाने पाकीट उलटून भागाकार करायचा म्हटले, तर त्याला घाई होते, लाज वाटते आणि आई हात ओढते. खेळात ते चुकू शकते, तेच पाकीट तीन वेळा उलटू शकते, पुन्हा दुकानदार होऊ शकते. सरावाने जी गोष्ट दोन मिनिटांवरून दहा सेकंदांवर येते, तीच गल्ल्यावर उपयोगी पडते. मोबाइलवरून सामान मागवणाऱ्या घरांसाठी तर घरचाच खेळ उरतो. ऑनलाइन विक्रेत्याला पाकिटावरची बहुतेक सक्तीची माहिती पडद्यावर दाखवावी लागते, पण उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना आणि वर्ष यातून वगळले आहे. म्हणजे नेमकी तारीख पिशवी दारात आल्यावरच कळते, आणि पिशवी देणारा तोवर जिना उतरत असतो. आमच्या घरी पिशवी उघडून तारखा वाचण्याचे काम आता माझ्या नातवाकडे आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. अशा खेळाने मुले संशयी होतात, ओळखीच्या दुकानदाराकडे चोर म्हणून पाहू लागतात, असे एका ज्येष्ठ शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या तरुणपणी दुकानदाराने उधारीवर घर चालवले होते, आणि ते विसरता येत नाही. माझे उत्तर असे, की लेबल हे दुकानदाराने लिहिलेले नसते. ते कारखान्याने लिहिलेले असते, आणि वजन घटवण्याचा, मापे बदलण्याचा निर्णयही तिथेच होतो. गल्लीतला दुकानदार पुष्कळदा आपल्याइतकाच त्याला बळी पडतो. मुदत संपलेल्या पाकिटाबद्दल मुलांना मी आधी ‘काका, हे बदलून द्या’ हे वाक्य शिकवते, आणि बहुतेक दुकानदार ते बदलतात. ग्राहक मदतीचा १९१५ हा क्रमांक फळ्यावर असतो, पण तो शेवटची पायरी म्हणून.

सरकारकडे माझी एकच मागणी आहे. युरोपात १९९८ च्या निर्देशानुसार दुकानाच्या फळीवर किलोचा किंवा लिटरचा भाव लावतात. मोठे पाकीट असो की छोटे, एकक सहसा तेच राहते. आपल्याकडे फळीच ग्राहकाला दिसत नाही, म्हणून भाव पाकिटावर छापणे हा निर्णय योग्यच होता. पण तो ग्रॅमला आणि दोन दशांशांत न छापता, सगळ्या मापांवर सारखा किलोला किंवा शंभर ग्रॅमला छापावा. ५०० ग्रॅमच्या पोह्यांवर ‘किलोला ७६.००’ आणि ९०० ग्रॅमच्या पोह्यांवर ‘किलोला ७३.३३’ असे असते, तर त्या दहा वर्षांच्या मुलीने पहिल्याच दिवशी बरोबर पाकीट उचलले असते. शाईसुद्धा फार जास्त लागली नसती.

तोवर आमच्या खोक्यातल्या प्रत्येक पाकिटाच्या पाठीमागे मुलांनी स्वतः पेन्सिलीने शंभर ग्रॅमचा भाव लिहून ठेवला आहे. अर्ध्या किलोच्या मिठाच्या पिशवीवर पुढे ०.०३ आहे आणि मागे त्या मुलीच्या अक्षरात ‘२ रुपये ८० पैसे’. यंदा तिच्याकडे तेलाच्या पिशव्या आहेत, ज्यांवर लिटरही लिहिलेले असते आणि ग्रॅमही, आणि एक लिटर तेल एक किलो भरत नाही हे तिने काट्यावर आधीच पाहून ठेवले आहे.